न आखलेली रेघ

दुपारच्या मंद वाऱ्याने पडदा हलत होता आणि स्क्रीनवरच्या निळ्या रेघा सुनेला पाण्यावर तरंगल्यासारख्या वाटत होत्या. प्रसूतिगृहाची जुनी, हाताने आखलेली जन्मनोंदवही ती फोटोंवरून एक्सेलमध्ये आणत होती. प्रोग्राम आधी रेघा शोधून चौकटी पाडायचा आणि मग प्रत्येक चौकटीतलं अक्षर वाचायचा.

एका पानावर गाडी अडली. पानाच्या तळाशी एकूण जन्म अकरा लिहिले होते, ओळी मात्र दहाच आल्या. एका चौकटीत दोन वजनं होती. तिने फोटो मोठा करून पाहिला, तर तिथे रेघ आखलेलीच नव्हती.

"आई, ही वही तुमच्या हातची ना? इथे रेघ राहिली का?"

त्याच प्रसूतिगृहातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या सासूबाई स्क्रीनजवळ वाकल्या.

"राहिली नाही गं. जुळ्या मुली होत्या. एकमेकींचा हात सोडेनात. मध्ये रेघ मारायला माझं मन धजेना."

पण दोघींची नोंद वेगळी हवीच होती. सुनेने माउसने हलकेच रेघ ओढली आणि पान पुन्हा वाचायला लावलं. ओळी अकरा झाल्या.

"बघा, अजून एकमेकींना लागूनच आहेत," ती म्हणाली, तेव्हा सासूबाई हसल्या.