रोजचे पन्नास सेंट

ताईच्या डॉलर-कार्डाचं स्टेटमेंट उघडायला ओटीपी लागतो, आणि तो यायचा आईच्या फोनवर. म्हणून आई गेल्यानंतर पहिल्यांदाच चिमणीने तो फोन चालू केला. टेबलावर तो असा थरथरला की बाबा खुर्चीतून अर्धे उठलेच!

परदेशात शिकणाऱ्या ताईच्या खर्चाचा तक्ता शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला द्यायचा होता. तक्ता नाही, तर पुढचा हप्ता नाही.

"डॉलरचा आजचा दर लाव आणि मोकळी हो," बाबा म्हणाले.

"बाबा, कार्डात डॉलर भरले त्या दिवशीच दर ठरला. आज तो आभाळाला भिडला तरी आपल्याला काय!"

पहिला भरणा शून्यापर्यंत संपला होता. भाडं, पुस्तकं, शेवटचे तीन डॉलर पावाचे. मग चार तारखेला आईने भरलेले पाचशे डॉलर, दर पंच्याऐंशी रुपये साठ पैसे. भरणाशुल्क आणि कर वेगळ्या ओळीत. सहा तारखेला आई गेली.

त्यानंतर खर्च नाहीच. सात तारखेपासून अठ्ठावीसपर्यंत रोज एकच ओळ: शिल्लक चौकशी शुल्क, पन्नास सेंट. तेच एटीएम. कोण रोज जाऊन नुसतं बघून येत होतं?

"यंत्राचा घोळ असेल," बाबा म्हणाले.

"बावीस दिवस? आणि ताई जेवली कशावर?"

तिने फोन लावला. ताई आधी हसली, "हिशेबनीस बाई, काय चुकलं?"

"तू एटीएमवर रोज काय करतेस?"

"ते पैसे आईने भरलेत गं. आहेत का, ते बघून येते. आकडा दिसला की वाटतं, ती आहे."

"आणि पोटाला?"

"मैत्रिणीच्या डब्यातलं. आईचे मोडवत नाहीत."

चिमणीला गप्प राहावंसं वाटलं. पण गप्प राहणं म्हणजे ताईला उपाशी ठेवणं. "ताई, नुसतं बघायचेही पैसे पडतात. चारशे एकोणनव्वदच उरलेत. आईचे अकरा डॉलर मशीनने गिळले."

"मी समजत होते, मीच चुकीचं वाचतेय..." ताईचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मग बघू नको, तर काय करू?"

"जेव. तिने त्यासाठीच भरलेत."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी शुल्काची ओळच आली नाही, आणि चिमणीला त्याचीच जास्त भीती वाटली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मग आईच्या फोनवर कार्डाचा मेसेज वाजला. किराणा दुकान, चौदा डॉलर वीस सेंट.

चिमणीने तक्त्यात 'जेवण' लिहिलं. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललंच नाही.