मागूनही न मिळालेले कागद

मेडशीची यूसरा वाशिमच्या सीए हुकूमचंदजींच्या ऑफिसात मुलाखतीसाठी सकाळपासून बसली होती. नंबर लागला तोवर ऊन कललं होतं आणि साहेबांचा आवाजही थकला होता. ही ऑडिटची नोकरी हुकली, तर घरचे पुढं शिकू देणार नव्हते.

"ढीगभर बिलांतून कोणती तपासशील?"

"मोठी सगळी. बाकीच्यांतून मी स्वतः कोणतीही उचलीन. मुनीम काढून देईल ती नाही."

"दालमिलमध्ये गोदामाची चावी ज्याच्याकडं, मालाची नोंदही तोच करते. मंग?"

"माल गेला तरी कळणार नाही. कामं दोघांत वाटली पाहिजेत. आपण माल प्रत्यक्ष मोजून पाहायचा."

"अन् मालक चहा पाजते, कागद मात्र उद्या देतो म्हणते?"

"लेखी मागीन, तुमाले सांगीन."

"मीच म्हटलं, जुनं गिऱ्हाईक आहे, सोडून दे?"

 साहेबांना 'हो' ऐकायचं असेल, हे यूसराला कळत होतं. तरी ती म्हणाली,

"मंग फाइलीत लिहीन, मागितलं, भेटलं नाही. रिपोर्टात काय लिहायचं ते तुमीच ठरवा."

"एवढी कटकट कायले, पोरी?"

"रिपोर्टावर सही तुमची राह्यते ना, साहेब."

हुकूमचंदजींनी चष्मा काढून डोळे चोळले.

"सोमवारी ये. असल्याच एका मिलवाल्याकडं मी कागदांसाठी चकरा मारून राह्यलो, थकलो आता. पहिलं पत्र त्यालेच टाइप कर. सही मी करतो."