पार्श्वभूमी रिकामी होती

पूर्वाची पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला स्तनाच्या गाठीची स्लाइड होती. बारीक सुईने ओढून काचेवर पसरलेल्या पेशींची गर्दी पाहून तिने वर्णनाआधीच कॅन्सर लिहून टाकला. गाठ साधी होती. तपासणाऱ्या सुहासिनी मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो डॉक्टर, धडधाकट मुलीचा स्तन कापून आलात की कागदावर!" पूर्वा नापास झाली, आणि ते वाक्य वारज्याच्या घरी तिच्या उशाशी येऊन राहिलं.

आज पुन्हा स्तनाचीच गाठ. वय सव्वीस, पूर्वाच्याच वयाची. तिने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावला आणि खोलीतला पंखा, खिडकीवरची कबुतरं, सगळं लांब गेलं. निळ्या-गुलाबी पाण्यात संथ पोहल्यासारखं वाटत होतं. यंदा साधीच गाठ निघू दे बाई, असं तिचं मन आर्जव करत होतं. हात मात्र शिकवल्याप्रमाणे क्रमाने लिहीत गेला.

रंग: पॅप स्टेन. पेशी भरपूर. इथंच मागच्या वेळी घसरले, असं म्हणत ती पुढे सरकली. मांडणी: सैल पुंजके, शिवाय कितीतरी सुट्या पेशी, प्रत्येकीचा पेशीद्रव शाबूत. केंद्रकं मोठी, कडा वेड्यावाकड्या, आतल्या केंद्रिका ठळक. सगळ्या खुणा कॅन्सरच्याच.

आता पार्श्वभूमी. साध्या गाठीत पेशींच्या मागे पेशीद्रवाशिवायची, लांबट, दोन टोकांची उघडी केंद्रकं विखुरलेली असतात, तांदळाच्या दाण्यांसारखी. तीच तिला हवी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती काच हलवत राहिली, पाण्यात हरवलेलं कानातलं शोधावं तशी. दाणा नव्हता. मेलेल्या पेशींचा गाळ तेवढा होता.

डोळे भरले तसं भिंगातलं पाणीही हललं. वेळ संपत आली होती. तिने लिहिलं, 'उघडी द्विध्रुवी केंद्रकं आढळली नाहीत', आणि त्याखाली, सगळ्यात शेवटी, 'स्तनाचा कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सरच. त्या अनोळखी मुलीची माफी मागावीशी तिला वाटली.

सुहासिनी मॅडमनी कागद वाचला. "उघडी केंद्रकं नीट शोधलीत?"

"खूप शोधली, मॅडम. असावीत असं फार वाटत होतं."

"वाटणं कागदावर उतरलेलं दिसत नाही. बरं झालं." मॅडमनी स्वतः भिंगाला डोळा लावला. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"ही स्लाइड मी रिपोर्ट केली होती, नोकरीला नवी असताना. मीही ती केंद्रकं अशीच शोधत बसले होते," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "नाहीत असं लिहिलं, म्हणून वेळेवर ऑपरेशन झालं. आता त्या पेशंटची मुलगी दहावीला आहे. दिवाळीला दोघी चिवडा घेऊन येतात."

मॅडमनी कागदावर सही केली आणि काच हलकेच ट्रेमध्ये ठेवली.

"जा आता, डॉक्टर. पुढच्या मुलाला बसू द्या."