चांदोदची बस

माझा नवरा क्षितिज गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी हसमुखभाई घरी आले. मी नोकरी करते त्या सावली गावातल्या कारखान्याला ते बारा वर्षं कास्टिंग पुरवतात आणि तिथली खरेदी माझ्या हाताखाली आहे.

"बेन, अस्थी विसर्जनासाठी चांदोदच्या घाटावर जायला दोन एसी बसेस, ब्राह्मण, शंभर माणसांचं जेवण, सगळं मी ठरवलंय. तुम्ही फक्त चला."

माझे दीर दामोदर तर लगेच नातेवाइकांना फोन लावायला उठले. मी त्यांना बसवलं.

"हसमुखभाई, तुमचं मन मला कळतं. पण पुढच्या महिन्यात तुमचं टेंडर माझ्याच टेबलावर येणार आहे. बस नको, जेवण नको. तुम्ही मात्र या. क्षितिजला तुम्ही आवडायचात."

त्यांचा चेहरा पडला. "मौतमां पण टेंडर, बेन?"

"हो," मी म्हटलं. रडू आलं ते हसमुखभाई गेल्यावर. संध्याकाळी कारखान्यातल्या साहेबांना सगळं मेलवर कळवलं.

दामोदर चिडून म्हणाले, "तुझ्या नियमांपायी माझ्या भावाला चार माणसंसुद्धा मिळायची नाहीत!"

आम्ही सहाजण गेलो. हसमुखभाई एसटीने आले, सातवे. घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी दोन्ही रिकामे हात मला दाखवले आणि माझ्याशेजारी बसले.

महिन्याभराने समितीसमोर टेंडर उघडलं. हसमुखभाईंचे दर दुसऱ्या नंबरवर आले. ऑर्डर सगळ्यात कमी दरवाल्याला गेली, सही माझी. मग मीच त्यांना फोन करून सांगितलं.

"वर्षश्राद्धाला येऊ ना, बेन?" ते म्हणाले. "रिकाम्या हातांनीच येईन."