बाबांच्या टेबलावरचा फोन

एक्स-रे सेंटरमध्ये सव्वीस वर्षांत पहिली तारीख कधी चुकली नव्हती. पगार म्हणजे पगार, मग बाहेर आभाळ कोसळो. मोठे डॉक्टर जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि आता पहिल्या तारखेला चार दिवस उरले होते. ती पहिलीच तारीख आपल्या हातून चुकणार, म्हणून डॉक्टरांच्या मुलीने सकाळीच करसल्लागाराला बोलावून घेतलं होतं.

करसल्लागाराने समोर बसून तिला सगळं समजावलं. सेंटर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं, त्यामुळे त्यांचा टॅन नंबर त्यांच्याबरोबरच संपला. पगारातून कापलेला कर सरकारकडे भरायला नव्या मालकिणीला स्वतःचा नंबर हवा. त्याशिवाय पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत कर भरायचा तरी कशावर?

"आज अर्ज केला तरी पावतीवर सही करून ती पाठवायची, मग नंबर येणार. आठवडा-दोन आठवडे धरा," तो म्हणाला. "त्याआधी तुमच्या नावावर काही निघतं का बघतो. एका मालकाला एकच नंबर ठेवता येतो, दुसरा काढला तर दंड."

त्याने नाव टाकलं, आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

"तुमचा नंबर आहे की. याच पत्त्यावर. अर्ज सात तारखेचा."

बाबा तीन तारखेला गेले होते. सात तारखेला ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती, असा तिचा स्वतःबद्दलचा पक्का समज होता.

"मी अर्ज केला नाही," ती म्हणाली.

"मग कुणी केला ते शोधा. तुमच्या नावाचा असेल तर तोच चालेल. नसेल तर आधी निस्तरावं लागेल, आणि तोवर पगाराचं घोडं अडलं म्हणून समजा."

सल्लागार गेल्यावर तिने बाबांच्या टेबलाचा खण उघडला. वरच लिफाफा होता, कडेने सरळ कापलेला. आत नंबर दिल्याचं पत्र आणि पाठवलेल्या पावतीची प्रत. चौकटीतली सही तिचीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढायची सवयसुद्धा.

तिने काकांना हाक मारली. काका म्हणजे सेंटरचे कारकून. अर्ज, भरणा, तिमाही विवरणपत्रं सगळं तेच करत. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की करायचं, विचारायचं नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा खाक्या.

"काका, हा अर्ज तुम्ही भरलात?"

"हो ताई. तुमचे कागद फायलीत होतेच." काकांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. "पावती तुमच्यापुढे ठेवली होती. तुम्ही सही केलीत. त्या आठवड्यात तुम्ही वीसेक कागदांवर सह्या केल्या असतील, एकही वाचला नाहीत."

तिला जरा हायसं वाटलं. चला, निदान एवढ्याचा तरी उलगडा झाला.

"पण तुम्हाला सुचलं कसं?"

काकांची नजर टेबलावरच्या काळ्या फोनकडे गेली. दोन महिन्यांपूर्वी रस्त्याच्या खोदकामात त्याची तार तुटली होती, आणि मोबाइल असताना ती जोडून कोण घेतो, असं बाबाच म्हणाले होते.

"फोन आला होता," काका म्हणाले. "याच्यावर. मोठे डॉक्टर म्हणाले, तिचा नंबर काढून ठेव, पहिल्या तारखेला अडायला नको. मी म्हटलं, हो डॉक्टर. अर्ज भरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की चार दिवसांपूर्वी मी त्यांना खांदा दिलाय."

खोलीत फिल्म बघायच्या दिव्याचा तेवढा गुंऽऽ आवाज येत होता. काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. हा माणूस थापा मारणाऱ्यातला नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, आता सेंटर ती चालवेल. तिला जमेल."

जिवंतपणी हे वाक्य बाबांनी तिला एकदाही ऐकवलं नव्हतं. ते सेंटर विकून टाकण्याच्या गोष्टी करायचे. ती दहा वर्षं त्या वाक्याची वाट बघत होती. तिला रडू आलं आणि रागही आला. मला का नाही केला फोन?

तिने सल्लागाराला मोबाइलवरून कळवलं, "नंबर माझाच आहे. पगार करा." काका बाहेर गेले. मग तिने काळ्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही.

"पगार वेळेवर होतील, बाबा," ती म्हणाली.

मग पलीकडे कुणीतरी अलगद फोन ठेवला.