सत्तर अंशांचा काटकोन

हुबळीतल्या उणकलच्या तळ्यामागच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मधुवंती सात वर्षं गणित शिकवत होती, आणि सातही वर्षं दर मे महिन्यात तिला कामावरून कमी करून जूनमध्ये नव्याने घेत होते. यंदा कायमची एक जागा निघाली. उमेदवार दोन: ती, आणि ओंकार. ओंकारची लायकी अशी, की तो विभागप्रमुख दत्तात्रय सरांच्या गाइडची प्रुफं वाचायचा. वाचायचा म्हणजे काना-मात्रा बघायचा. गणित बघितलं असतं तर गाइड छापलंच गेलं नसतं.

गाइडच्या सात आवृत्त्या निघाल्या होत्या. मुखपृष्ठावर साइन आणि कोसाइनच्या दोन लाटा एकमेकींना चक्क काटकोनात छेदत होत्या, आणि त्या काटकोनात बसस्टँडवरच्या पाटीसारखा पिवळाजर्द चौकोन रंगवला होता. सरांची विचारसरणी सरळ होती. ऑर्थोगोनल म्हणजे लंब. कानडीतही लंबच. लंब म्हणजे काटकोन, आणि काटकोन असेल तर तो चित्रात दिसलाच पाहिजे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी तो दिसेना, तेव्हा हुबळीच्या छापखान्यातल्या माणसाने काँप्युटरवर चित्र धरून वरच्या बाजूला ओढलं आणि विचारलं, “आता बरं हाय का?” तेव्हापासून बरं होतं. तीन पिढ्या इंजिनिअर त्या चौकोनावर पास झाले होते. पुलांचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही.

निवड डेमो लेक्चरवर होणार होती. विषय: फूरियर कोएफिशंट. परीक्षक तिघे: प्राचार्य, दत्तात्रय सर, आणि बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून जयलक्ष्मी मॅडम. या मॅडमनी गाइडला प्रस्तावना लिहिली होती, तेव्हा त्या बाहेरच्या कशा, हा प्रश्न विचारण्याइतकी मधुवंती नवखी नव्हती.

ओंकारचं आधी झालं. त्याने पडद्यावर मुखपृष्ठ लावलं, सूत्रं एकाखाली एक म्हणून दाखवली आणि शेवटी, एका तारेत अनेक सूर म्हणून, तंबोऱ्याचा फोटो टाकला. धारवाडच्या आसपास फूरियर शिकवायचा तर तंबोरा लागतोच, जसा सत्यनारायणाला शिरा. प्राचार्यांनी मान डोलावली. त्याच्या इंटिग्रलांना खाली-वर मर्यादाच नव्हत्या, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. शून्य ते दोन पाय, म्हणजे तीनशे साठ अंश, या पूर्ण फेरीत साइन एक्स आणि कोस टू एक्सच्या गुणाकाराचं इंटिग्रल शून्य येतं. अर्ध्या फेरीत उणे दोन तृतीयांश. पण पूर्ण आणि अर्धं यांतला फरक ज्यांना पगारातच कळतो, त्यांना काय सांगणार.

मधुवंती आलेखासाठी चौकटी आखलेल्या फळ्याकडे गेली. दोन बाण काढले. बाणांचा गुणाकार कसा करतात? जोडीजोडीने आकडे गुणायचे आणि बेरीज करायची. शून्य आलं तर बाण लंब. आता फंक्शन म्हणजे आकड्यांची न संपणारी रांग समजा, ती म्हणाली. प्रत्येक एक्सला एक आकडा. दोन फंक्शनांचे आकडे जागच्या जागी गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. न संपणाऱ्या रांगेची बेरीज म्हणजे इंटिग्रल. हाच त्यांचा इनर प्रॉडक्ट. साइन एक्स गुणिले कोस एक्स म्हणजे साइन टू एक्सचं अर्धं. पूर्ण फेरीत त्याचा जितका भाग रेषेच्या वर, तितकाच खाली. बेरीज शून्य. एवढ्यावरून त्यांना ऑर्थोगोनल म्हणतात.

“तंगी,” दत्तात्रय सर म्हणाले. धाकट्या बहिणीसाठीचा हा कानडी शब्द ते माणसाला खाली बसवायला वापरत. “लंब म्हणतेस. मग काटकोन कुठाय?”

“काटकोन नाही सर. वक्रांच्या छेदण्याशी याचा संबंधच नाही.”

“चित्र काढ.”

तिने काढलं. दोन्ही अक्षांवर एकच माप, एकेक बिंदू मोजून. सरांनी कपाटातलं लाकडी कोनमापक मागवलं, स्वतः उठले, छेदाच्या जागी लावलं आणि चष्मा वर करून वाचलं. सत्तर.

“सत्तर आला,” ते विजयाने म्हणाले. “तुझं चित्र चुकलं.”

“चित्र बरोबर आहे. तिथे चढ एकाचा अधिक शून्य पूर्णांक सात दशांश, दुसऱ्याचा उणे तेवढाच. कोन सत्तरच येतो. तुमच्या मुखपृष्ठावर नव्वद येतो, कारण ते ओढलंय.”

जयलक्ष्मी मॅडमनी टेबलाखाली हाताने खूण केली, जाऊ दे. मधुवंतीला ती दिसली. खालच्या आवाजात शहाणपण सांगणारे लोक तिला वरच्या आवाजात मूर्खपणा करणाऱ्यांहून जास्त शिसारी आणायचे.

तिने पुढे लिहिलं: तीन साइन एक्स अधिक पाच कोस टू एक्स. हे पाच मला माहीत नाहीत असं समजा, ती म्हणाली, आणि ते बाहेर काढायचेत. सगळ्याला कोस टू एक्सने गुणा, पूर्ण फेरी इंटिग्रेट करा. साइनवाला तुकडा शून्य होऊन गळून पडतो. कोस टू एक्स स्वतःशीच गुणला की इंटिग्रल पाय येतं, म्हणून उरतं पाच पाय. पायने भागा, पाच हातात. दुसरा कितीही गोंगाट करो, या उत्तरात त्याचा शब्द येत नाही. फूरियर कोएफिशंट म्हणजे एवढंच, आणि ऑर्थोगोनल असल्याचा उपयोगही हाच.

मग ती थांबली नाही, हीच तिची चूक. तिने साइन एक्स आणि कोस टू एक्सच काढले. तीस अंशांवर ते एकमेकांना छेदत होते. कोनमापक तिने आदराने सरांकडे दिलं.

“एकशे एक,” सरांनी नाइलाजाने वाचलं.

“हेही ऑर्थोगोनल आहेत, सर. पहिल्यांना काटकोनात आणायला चित्र वर ओढावं लागतं, यांना आणायला खाली दाबावं लागेल. एका कागदावर दोन्ही कसं करणार?”

दत्तात्रय सर खरोखर विचार करत होते. चेहऱ्याला सवय नसल्याने ते दुखल्यासारखं दिसत होतं.

प्राचार्यांनी घसा साफ केला. ते भांडणं मिटवूनच प्राचार्य झाले होते. “मॅडम, तुमचं लेक्चर छान झालं. जागा तुम्हाला द्यायला माझी हरकत नाही. फक्त एवढं म्हणा की तेही बरोबर, हेही बरोबर. मुलांना चित्र लागतं. इंटिग्रलही सांगा, काटकोनही सांगा.”

सात वर्षांनी पहिल्यांदाच ती जागा टेबलावर ठेवल्यासारखी समोर होती. बदल्यात एक वाक्य हवं होतं, तेही फार मोठं खोटं असं नव्हे, नुसतं बावळट.

“काटकोन नाही सांगता येणार, सर,” मधुवंती म्हणाली. “नाहीये तो.”

ओंकारची निवड झाली. मधुवंतीला जूनमध्ये नेहमीप्रमाणे घेतलं, आणि फूरियरचा भाग चारही तुकड्यांना तिच्याकडेच दिला, कारण ओंकार सरांवर आता कार्यालयीन जबाबदाऱ्या होत्या.

ऑगस्टमध्ये गाइडची आठवी आवृत्ती आली. सरांचा विचार पूर्ण झाला होता. साइन-कोसाइनचं चित्र डाव्या पानावर होतं, वर ओढलेलं. साइन एक्स आणि कोस टू एक्सचं उजव्या पानावर, खाली दाबलेलं. दोन कागद, दोन काटकोन, दोन पिवळे चौकोन. आभारांत छापलं होतं: काटकोनाविषयी मौलिक सूचना केल्याबद्दल मधुवंती मॅडम यांचे ऋण.

तिने त्याच दिवशी नाव काढून टाकण्यासाठी लेखी अर्ज दिला. कायम करण्याच्या तिच्या अर्जांना सात वर्षांत एकदाही उत्तर आलं नव्हतं. याला दुसऱ्याच दिवशी आलं, सहीशिक्क्यासकट. नववी आवृत्ती निघेल तेव्हा विचार केला जाईल, आणि दरम्यान मॅडमनी अशाच सूचना करत राहाव्यात.