हात वर, पाय आत

ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या संस्थेने योगबाईंचा नमुना-व्हिडिओ परत पाठवला. सोबत एवढेच: ‘शिक्षिका डोक्यापासून पायांपर्यंत दिसावी, आवाज स्पष्ट यावा.’ आज संध्याकाळपर्यंत दुसरा नमुना गेला नाही, तर सकाळचा वर्ग दुसऱ्या कुणाला मिळणार होता. बाईंनी त्या वर्गाच्या भरवशावर आधीची नोकरी सोडली होती.

पहिले चित्रण पतिराजांचे. चेहऱ्यावरील भाव हाच कलेचा आत्मा, या सिद्धान्तास अनुसरून त्यांनी फोन उभा धरून बाईंच्या नाकाशी नेला होता. परिणामी बाई वाकताच पडद्यावर उरली ती भिंत; आणि भिंतीचे आसन मात्र खरोखर स्थिर होते.

“बघणाऱ्याला कल्पना करता येते,” पतिराज म्हणाले.

“गुडघा कुठे टेकायचा याची कल्पना करायची?”

आज सूत्रे बाईंच्या हाती होती. फोन आडवा. चटईही कॅमेऱ्याला आडवी. उभे राहून हात वर केल्यावर बोटे आणि झोपून हात ताणल्यावर टाचा, दोन्ही चौकटीत मावून चहूकडे थोडी जागा उरायला हवी होती. त्यासाठी सोफा हलला, दार उघडले, बोळ ओलांडला गेला आणि अखेर फोन न्हाणीघरातल्या बंद वॉशिंग मशीनवर, कमरेच्या उंचीला स्थानापन्न झाला.

“रुंद लेन्स लाव की, एवढं मागे कशाला?”

“लावून पाहिली. कडेला पाय मगरीएवढे दिसतात.”

सासूबाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. “म्हणजे तुझं अंग दिसावं म्हणून मी पारोसं बसायचं?”

“अर्धा तास, आई.”

फोन इतका दूर, म्हणजे आवाज घुमणार. म्हणून कॉलरला लावायचा बिनतारी माइक आणला होता. पतिराजांनी तो ‘हॅलो, हॅलो’ करून तपासला. तपासला अर्थातच स्वतःच्या सदऱ्याला लावून. तो काढून बाईंना द्यायचे त्यांना सुचले नाही, आणि आसनांच्या घाईत बाईंनाही.

चित्र निर्दोष आले. बाईंनी इयरफोन लावले. ताडासनात बोटांपासून टाचांपर्यंत सगळे दिसत होते, आणि ऐकू येत होते, “आई, बिस्किटं कुठं ठेवलीत?” भुजंगासनाला कुरुमकुरुम. शवासनात सासूबाईंचा दूरचा स्वर, “ही अशी पडून राहणार, आणि याला म्हणे वर्ग.” “हळू बोल गं, झोपलीय ती.”

“अहो, सदऱ्यावर काय आहे ते?”

पतिराजांनी खाली पाहिले. “चाचणी मात्र यशस्वी झाली म्हणायची.”

पुन्हा चित्रण अशक्य होते. सासूबाईंनी न्हाणीघराची कडी आतून लावली होती, आणि त्यांच्या आंघोळीला अंत नसे. मग बाईंनी जुना आवाज बंद केला, घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेतली आणि चित्र पाहत सूचना नव्याने बोलल्या. पडद्यावर छाती फुलली की ‘श्वास घ्या’, ओसरली की ‘सोडा’. तसेच पाठवून दिले.

उत्तर अंधार पडण्याआधी आले: ‘मंजूर. संपूर्ण शरीर दिसते. फक्त कुतूहल म्हणून विचारतो, धनुरासनातही आपल्याला जराही धाप लागत नाही, हे कसे साधते?’

बाई उत्तर जुळवत बसल्या.

“लिही,” पतिराज म्हणाले, “घरातल्या शांततेमुळे.”